बीएमएसची तयारी: साइटवर लॅपटॉप उघडायच्या आधी कागदावर काय काय हवं

बीएमएस म्हणजे बिल्डिंगमधलं एसी, मीटर वगैरे एका स्क्रीनवरून बघणारी-चालवणारी सिस्टीम. हिंजवडीकडची एखादी आठ मजली ऑफिस बिल्डिंग डोळ्यासमोर धरा, 300 टीआरचे तीन चिलर, मजल्यावर दोन म्हणजे एकूण सोळा एएचयू, मजल्यावर थंड हवा सोडणारी युनिट्स, आणि पॅनेलांमध्ये चोवीस एनर्जी मीटर. एवढ्या कामाला पहिली तयारी म्हणजे नंबर. बॅकनेट ही कंट्रोलर एकमेकांशी बोलतात ती भाषा, तिच्यात डिव्हाइस इन्स्टन्स, म्हणजे कंट्रोलरचा ओळख नंबर, अख्ख्या सिस्टीममध्ये एकदाच यायला हवा, ट्रंक, म्हणजे कंट्रोलर जोडणारी वायर, वेगळी असली तरी रिपीट चालत नाही, आणि कंट्रोलर डब्यातून निघतो तेव्हा त्यात कंपनीचा डिफॉल्ट नंबर असतो, तो तसाच ठेवला की दोन मजल्यांचे एएचयू एकाच नावाने उत्तर देतात आणि स्क्रीनवर पाचव्या मजल्याचं टेम्परेचर कधी तिसऱ्याचं दिसतं. सोपा नियम ठेवा, ट्रंकचा नेटवर्क नंबर आणि त्यापुढे मॅक अॅड्रेस दोन आकड्यांत, म्हणजे नेटवर्क 2001 वरचा मॅक 5 झाला 200105. शीट बघितली की डिव्हाइस कुठल्या वायरवर आहे ते लगेच कळतं.

आता वायर. सोळा एएचयू एका एमएसटीपी ट्रंकवर बसतात, पण मी दोनच करीन, आठ-आठ, कारण एक वायर तुटली तर अर्धी बिल्डिंग तरी दिसत राहते. राउटरला मॅक 0, कंट्रोलरना 1 ते 8, बॉड रेट सगळीकडे एकच, 120 ओहमचा रेझिस्टर फक्त दोन टोकांना, मधे कुठेही नाही, आणि वायर एकातून दुसऱ्यात जाते, स्टार करायची नाही. मॅक्स मास्टर, म्हणजे कितव्या मॅकपर्यंत हाका मारायच्या ती मर्यादा, 12 ठेवा, म्हणजे पुढे वाढवायला जागा राहते. 127 ठेवलं तर नसलेल्या अॅड्रेसना हाका मारण्यात वेळ जातो, आणि उलट, पुढे कोणी मॅक 15 चा कंट्रोलर लावला तर 12 च्या पुढे कोणी विचारतच नाही, तो बिचारा ऑनलाइन येत नाही आणि माणूस तासभर वायरच तपासत बसतो.

आयटीवाल्यांना आधी भेटून विचारायचं की चिलर यार्ड आणि बीएमएसचा पीसी एकाच सबनेटमध्ये आहेत का. वेगळे असतील तर ब्रॉडकास्ट राउटरपलीकडे जात नाही, पिंग होतं पण डिव्हाइस शोधायला गेलं की रिकामी लिस्ट येते. मग प्रत्येक सबनेटला एक बीबीएमडी, म्हणजे ब्रॉडकास्ट दुसऱ्या सबनेटला पोचवणारं डिव्हाइस, दोघांच्या टेबलमध्ये एकमेकांचा आयपी, आणि यूडीपी 47808 फायरवॉलमध्ये उघडा. एका सबनेटमध्ये दोन बीबीएमडी चालू करू नका, मेसेज फिरत राहतात आणि नेटवर्क गुदमरतं.

पॉइंट लिस्टमध्ये चिलरची शंभर-दोनशे ऑब्जेक्ट्स येतात, ती सगळी आणायचा मोह टाळा. पाण्याचं जाताना-येतानाचं टेम्परेचर, लोड टक्के, रन, ट्रिप, सेटपॉइंट, लोकल-रिमोट, एवढ्यावर ऑपरेटरचं काम चालतं. चालू करायची कमांड आणि ट्रिप मात्र हार्डवायर घ्या, कम्युनिकेशन गेलं तरी ती हवीतच. आणि प्रत्येक कमांडसमोर प्रायॉरिटीचा कॉलम हवाच हवा:

```
200105  AHU-05-SF-CMD  BO-1  schedule:16  operator:8  default:inactive
```

हा कॉलम का, तर प्रायॉरिटीत लहान नंबर जिंकतो, ऑपरेटरने दुपारी प्रायॉरिटी 8 वर फॅन ऑन केला आणि सोडायला विसरला, की रात्री शेड्यूल 16 वर कितीही ऑफ लिहू दे, फॅन चालूच राहतो. लोक मग शेड्यूल दुरुस्त करत बसतात. priority-array उघडून बघा, 8 वर काही दिसलं तर तिथे ऑफ नाही, Null लिहायचं, तरच ते सुटतं.

मीटर बहुतेक मॉडबसचे असतात, त्यांना गेटवे लागतो. एका मीटरला 9600 वर साधारण 0.12 सेकंद धरले तर चोवीस मीटरची फेरी तीन सेकंदांत होते, पण एक मीटर बंद पडला आणि टाइमआउट एक सेकंद, तीन प्रयत्न असेल तर ती फेरी सहाची होते. म्हणून चोवीसचे दोन पोर्ट करा. सीटी, म्हणजे मोठा करंट मीटरसाठी कमी करून देणारा ट्रान्सफॉर्मर, त्याचा रेशो कोण गुणणार हेही लिहून ठेवा, मीटर की गेटवे. 400/5 ची सीटी मीटरमध्येही टाकली आणि गेटवेनेही 80 ने गुणलं तर खरे 5 किलोवॅट स्क्रीनवर 400 दिसतात, म्हणजे एएचयू पॅनेल चिलरपेक्षा जास्त वीज खातंय. तपासणीला मीटरसमोर एक माणूस उभा करा, डिस्प्लेवरचा आकडा फोनवर वाचायला लावा आणि स्क्रीनशी जुळवा, एकेक करून चोवीसही.