साक्षीच्या ट्रान्सक्रिप्टचं प्रूफ वाचताना आधी फक्त लेबलं बघा

पहिल्या फेरीत मजकूर वाचूच नका, ऑडिओ लावून फक्त कोण बोलतंय आणि ओळीपुढे त्याच्याच नावाचं लेबल आहे का तेवढं तपासा. घोळ बहुतेक वेळा न्यायाधीश मध्येच काही विचारतात किंवा समोरचा वकील हरकत घेतो तिथे होतो, एक लेबल सरकलं की खालची सगळी सरकतात आणि वकिलाचं वाक्य साक्षीदाराच्या तोंडी जातं. ओळखायचं कसं, तर साक्षीदारच प्रश्न विचारतोय असं दिसलं की चार-पाच ओळी मागे जाऊन ऐका.

मग विरामचिन्हं. उलटतपासणीत वकील म्हणतो "तुम्ही त्या रात्री घरीच होता", हा प्रश्न आहे, पूर्णविराम दिलात तर विधान होतं. साक्षीदाराचं उत्तर "नाही, गेलो होतो" असेल आणि स्वल्पविराम उडून "नाही गेलो होतो" झालं तर अर्थच उलटा. इथे अंदाजाने चिन्ह टाकू नका, तो कुठे थांबला ते ऐकूनच टाका.

दीड-अडीच, पंचवीस-पस्तीस असे सारखे ऐकू येणारे आकडे परत ऐका. साक्षीदाराची बोली, अर्धवट वाक्यं मात्र अजिबात सुधारायची नाहीत, आणि दोनतीनदा ऐकूनही कळलं नाही तर [अस्पष्ट ००:४२:१०] असं वेळेसकट लिहा.