मेडिकल रजेनंतर फिटनेस सर्टिफिकेट देऊन हजर कसं व्हायचं (आधी तारखा जुळवा)

मी सांगलीत एका सरकारी ऑफिसात आस्थापना टेबलवर बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे मेडिकल रजेवरनं परत येणारी माणसं शेकड्यानं बघितलीत. आजारपणात कोणाचं फारसं अडत नाही, अडतं ते हजर होतानाच. माणूस ठणठणीत बरा होऊन दारात उभा असतो आणि कागद म्हणतो की हा मधले पाच दिवस कुठं होता ते माहीत नाही. मग रजा मंजूर नाही, पगार निघत नाही, आणि सगळे क्लार्कला शिव्या देतात.

एक केस सांगतो, त्यातच सगळं येतं.

2024 ची गोष्ट. आमच्याकडच्या एक मॅडम, तासगावहून येऊन-जाऊन करायच्या. मणक्याची गादी सरकलेली, मिरजेला ऑपरेशन झालं. 10 जूनला ॲडमिट, 12 जूनला ऑपरेशन. डॉक्टरांनी 10 जून ते 24 जुलै असं 45 दिवसांचं सर्टिफिकेट दिलं, नंतर 25 जुलै ते 7 सप्टेंबर असं अजून 45 दिवसांचं. एकूण 90 दिवस, इथपर्यंत एकदम स्वच्छ. आता 7 तारखेला होती गणेश चतुर्थी, घरात गणपती, पाठोपाठ गौरी, तर मॅडमनी विचार केला की गौरी गेल्या की जाऊ डॉक्टरांकडं. गेल्या 12 तारखेला, गुरुवारी. डॉक्टरांनी तपासलं आणि लिहून दिलं की 13 सप्टेंबरपासून कामावर हजर व्हायला योग्य. शुक्रवारी 13 ला कमरेला बेल्ट बांधून मॅडम सकाळी पावणेदहाला ऑफिसात, हातात पेढ्याचा बॉक्स.

मी पेढा खाल्ला आणि मग कागद बघितला. 8 ते 12 सप्टेंबर, पाच दिवस, कशातच नाहीत. रजेचं सर्टिफिकेट 7 ला संपतंय, फिटनेस 13 पासून. मॅडम म्हणाल्या, "आण्णा, त्यात रविवार आहे की एक." रविवार असला तरी सोमवार ते गुरुवार चार दिवस उरतातच, आणि रजा संपल्यावर मंजुरीशिवाय गैरहजर राहिलं की सुट्टीचं गणितसुद्धा वेगळं लागायला लागतं. हे कसं सुटलं ते पुढं सांगतो.

आता तुमचं कसं करायचं ते बघू.

रजा संपायच्या आठवडाभर आधी सगळी सर्टिफिकेटं एका कागदावर तारखांनी उतरवून काढा. पासून, पर्यंत, किती दिवस, एवढंच. एकाची शेवटची तारीख आणि दुसऱ्याची पहिली तारीख यात एकही दिवस सुटता कामा नये. शेवटची तारीख सणात किंवा शनिवार-रविवारला येत असेल तर डॉक्टरांची वेळ त्याच्या आधीच घ्या, कारण त्या दिवशी ओपीडी बंद असली की तुम्ही आपोआप गॅपमध्ये जाता.

डॉक्टरांकडं जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका. डिस्चार्ज कार्ड, रजेची जुनी सर्टिफिकेटं नाहीतर त्यांच्या झेरॉक्स, नवीन रिपोर्ट, सगळं घेऊन जा. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी फिटनेसचा जो नमुना आहे, फॉर्म 5, त्यात डॉक्टरांना असं लिहून द्यावं लागतं की ज्या सर्टिफिकेटांवर रजा दिली ती मी बघितलीत आणि ती लक्षात घेऊनच फिट ठरवतोय. तुम्ही राज्य सरकारचे असा नाहीतर झेडपीचे, तपासणारा हेच शोधतो की फिटनेस देणाऱ्याला मूळ आजार माहीत होता का. म्हणून शक्यतो ज्यांनी उपचार केले त्यांच्याकडूनच घ्या. ऑपरेशन मिरजेच्या ऑर्थोपेडिकनं केलेलं आणि फिटनेस गल्लीतल्या जनरल डॉक्टरांचा, असं आलं की साहेबांच्या भुवया वर जातात, आणि खरं सांगायचं तर माझ्यापण जायच्या. राजपत्रित असाल तर कोणाचं सर्टिफिकेट चालतं ते आस्थापनेला आधी फोन करून विचारा, तिथं नियम कडक असतात.

सर्टिफिकेट हातात आलं की तिथंच, काउंटरवरनं हलायच्या आधी, वाचा. घरी येऊन वाचू नका, परत मिरजेला जाणं म्हणजे अख्खा दिवस जातो. काय बघायचं? तुमचं नाव सर्व्हिस बुकात आहे तसंच आहे का, लग्नानंतर नाव बदललेल्या मॅडम लोकांचं इथं हमखास चुकतं. आजाराचं नाव आधीच्या सर्टिफिकेटात होतं तेच आहे का. फिट कोणत्या तारखेपासून ते स्पष्ट लिहिलंय का, नुसतं "आता बरे आहेत" असेल तर त्याचा काही उपयोग नाही. सर्टिफिकेट दिल्याची तारीख, सही, शिक्का आणि डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर. हा नंबर सर्टिफिकेटवर असणं डॉक्टरांना बंधनकारक आहे.

आणि एक गोष्ट जी नव्वद टक्के लोकांना वाटते की उगाचच आहे, ती म्हणजे तुमची सही आणि ओळखखूण. डॉक्टरांसाठीचे 2002 चे जे आचारनियम आहेत त्यात सांगितलंय की मेडिकल सर्टिफिकेटवर पेशंटची सही किंवा अंगठा, पत्ता आणि निदान एक ओळखखूण टाकायलाच हवी. "उजव्या मनगटावर तीळ" एवढी एक ओळ. ती सही तुम्ही डॉक्टरांच्या समोर करायची असते, ऑफिसात येऊन माझ्या टेबलवर पेन मागून नाही. मी असे कागद बघितलेत, डॉक्टरांची सही काळ्या शाईची आणि पेशंटची सही माझ्याच निळ्या पेनची.

त्याच नियमात असंही आहे की डॉक्टरांनी दिलेल्या सर्टिफिकेटांचं रजिस्टर ठेवायचं आणि प्रत जपून ठेवायची. म्हणजे मागची तारीख टाकून द्या म्हणून कोणी गळ घातली तर ते रजिस्टरला उघडं पडतं. चौकशी लागली की पहिलं तेच मागवतात. मॅडमच्या घरच्यांचंपण आधी तेच म्हणणं होतं, डॉक्टर ओळखीचे आहेत, तारीख बदलून आणू. मी म्हटलं अजिबात नको, आधी डिस्चार्ज कार्ड दाखवा.

आणि कार्डानंच वाचवलं. त्यावर स्पष्ट लिहिलेलं की ऑपरेशननंतर तीन महिने विश्रांती. ऑपरेशन 12 जूनचं, म्हणजे तीन महिने 12 सप्टेंबरच्या आसपासच भरतात. डॉक्टरांनी 45-45 दिवस ॲडमिट झाल्यापासून मोजले म्हणून 7 तारीख आली होती. मग रीतसर केलं. मॅडमनी 8 ते 12 असा पाच दिवस रजा वाढवून मिळण्याचा अर्ज दिला, आणि डॉक्टरांकडून पुरवणी सर्टिफिकेट आणलं, ज्या दिवशी दिलं त्याच दिवसाची तारीख टाकून, त्यात लिहिलेलं की कार्डाप्रमाणे 12 पर्यंत विश्रांती गरजेची होती. जे खरं होतं तेच कागदावर आलं. 95 दिवस सलग झाले. कार्डावर तो शेरा नसता तर ते पाच दिवस कसे धरायचे हे साहेबांच्या मर्जीवर गेलं असतं.

आता हजर व्हायचा दिवस. ऑफिस सुरू व्हायच्या वेळेला जा, दुपारी नाही, कारण अर्जावर मध्यान्हपूर्व का मध्यान्होत्तर हे लिहावं लागतं आणि त्यावरनं दिवस मोजला जातो. अर्ज लांबलचक नको, आजारपणाची कहाणी तर बिलकूल नको. एवढंच पुरे:

"मी दि. 10/06/2024 ते 12/09/2024 या कालावधीत वैद्यकीय कारणास्तव रजेवर होते. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मला दि. 13/09/2024 पासून कामावर हजर होण्यास योग्य असल्याचे प्रमाणपत्र दिले आहे. ते सोबत जोडले आहे. मी आज दि. 13/09/2024 रोजी मध्यान्हपूर्व हजर होत आहे, तरी हजर करून घ्यावे ही विनंती."

फिटनेसचं मूळ सर्टिफिकेट जोडायचं, पण त्याआधी दोन झेरॉक्स आणि मोबाईलवर एक फोटो काढून ठेवायचा. अर्जाच्या दोन प्रती न्या, एक आवकला द्या, दुसरीवर आवक नंबर, तारीख आणि सही घ्या. ही पोच म्हणजे तुमचा जीव की प्राण समजा. मस्टरवर मात्र हजर करून घेतल्याशिवाय स्वतःहून सही ठोकू नका, त्यावरनं उगाच वाद होतात.

साहेब मीटिंगला गेलेत उद्या या, असं कोणी म्हणालं तर घरी परत जाऊ नका. आवकला अर्ज द्या, पोच घ्या आणि ऑफिसातच थांबा. अर्ज घ्यायलाच नकार आला तर त्याच दिवशी, त्याच वेळेला ऑफिसच्या ईमेलवर अर्ज आणि सर्टिफिकेटचा फोटो पाठवा आणि स्पीड पोस्टानंपण टाका. उद्या प्रश्न आला की तुम्ही कधी आला होता, तर तारीख-वेळेसकट उत्तर हातात असतं.

एक अडचण वारंवार येते ती "हलकं काम द्यावे" या शेऱ्याची. डॉक्टर चांगल्या मनानं लिहितात, पण ऑफिसच्या दृष्टीनं माणूस एक तर फिट असतो नाहीतर रजेवर असतो, त्यामुळे साहेबांना शंका आली की प्रकरण जिल्हा शल्यचिकित्सकांकडं नाहीतर मेडिकल बोर्डाकडं जातं आणि तुम्ही महिनाभर मधे लटकता. तुमचं काम टेबलचं असेल तर डॉक्टरांना ते नीट समजावून सांगा, की मला दिवसभर बसून फायली बघायच्यात, पोती उचलायची नाहीत, आणि त्या कामाला फिट आहे का ते विचारा. मॅडमच्या सर्टिफिकेटात तसंच होतं, बेल्टचा सल्ला वेगळ्या कागदावर दिलेला. पण काम खरंच फिरतीचं किंवा अंगमेहनतीचं असेल तर शेरा लपवू नका, दुखणं उलटलं तर कोण बघणार. आणि कायमचं अपंगत्व आलं असेल तर हा रस्ताच नव्हे, तिथं 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी नोकरीतनं काढता येत नाही, तेवढ्याच पगाराच्या दुसऱ्या कामावर घ्यावं लागतं, त्यासाठी वेगळा अर्ज करा.

कुपवाड नाहीतर मिरज एमआयडीसीत कंपनीत असाल आणि ईएसआय कापलं जात असेल तर खाजगी डॉक्टरांच्या चिठ्ठीमागं धावू नका, ईएसआयच्या डॉक्टरांकडून फायनल सर्टिफिकेट घ्या, कामावर जायची तारीख त्यातच असते.

हजर झालात म्हणजे संपलं असं नाही, रजा मंजुरीचा आदेश निघेपर्यंत मागं लागा. मॅडमनी परिवर्तित रजा मागितली होती, म्हणजे पूर्ण पगाराची, पण त्यात एका दिवसाला अर्धपगारी रजेचे दोन दिवस खात्यातनं जातात. 95 दिवसांचे 190 गेले. अर्धपगारी रजा वर्षाला 20 मिळते, म्हणजे साडेनऊ वर्षांची साठवण एका गादीनं खाल्ली. शिल्लक नसती तर उरलेल्या दिवसांना अर्जित रजा लावावी लागली असती. आणि त्यांची वेतनवाढ 1 जुलैची होती, ती रजेत आल्यामुळे पैसे 13 सप्टेंबरपासून सुरू झाले, जुलैपासून नाही. त्यांनी महिनाभर माझ्याशी त्यावरनं वाद घातला, शेवटी सर्व्हिस बुकातली नोंद उघडून पुढं ठेवली तेव्हा कुठं गप्प बसल्या.