शॉर्टफिल्मचा शेवट: शेवटचा शॉट संकलनाच्या टेबलावर कसा घडतो

मी शॉर्टफिल्म संकलित करते. नव्या दिग्दर्शकांच्या रफ कटमध्ये, म्हणजे पहिल्या कच्च्या जोडणीत, एक गोष्ट फार वेळा दिसते: फिल्म एकदा संपते आणि मग पुन्हा संपते. खरा शेवट होऊन गेलेला असतो. त्यानंतर प्रेक्षकांना कळलं नाही तर काय, या धास्तीपोटी एक संवाद, एक हसरा क्लोजअप आणि वर चढणारं संगीत जोडलेलं असतं. त्यामुळे आधीचा चांगला शेवटही विरून जातो.

अलीकडे हातात आलेली बारा मिनिटांची एक फिल्म घेऊ. वडिलांना ऐकू येईनासं झालंय आणि ते श्रवणयंत्र लावायला तयार नाहीत. मुलगी अधूनमधून येते, वाद घालते, निघून जाते. दाराच्या घंटेला जोडून तिने घरात एक लाल दिवा बसवलाय. बटण दाबलं की दिवा लागतो आणि वडील दार उघडतात. पटकथेतल्या शेवटी वडील आरशासमोर यंत्र लावतात, खिडकीबाहेर पक्षी ऐकतात, डोळे पाणावतात, आणि मुलगी आत आल्यावर म्हणतात, "ऐकू येतंय गं मला."

यात खोटं काही नाही, पण हे उत्तर भलत्याच प्रश्नाचं आहे. फिल्मभर आपण विचारत असतो की यांना मुलीचं ऐकायचं आहे का. यंत्र चालतं की नाही, हे डॉक्टरही सांगेल. म्हणून शेवट लिहिताना आधी फिल्मचा प्रश्न एका वाक्यात कागदावर उतरवा आणि शेवटचा शॉट त्याच प्रश्नाशी बोलतोय का ते बघा.

आम्ही आरसा, पक्षी आणि तो संवाद काढून टाकला. उरला एकच शॉट: वडील टेबलाशी समोरून दिसतात, घड्याळ दुरुस्त करतायत, एक कान सावलीत. मागे भिंतीवर तो दिवा, फोकसच्या बाहेर. दिवा लागतो. त्याच वेळी, फिल्ममध्ये पहिल्यांदाच, घंटा स्पष्ट ऐकू येते. वडिलांची दिव्याकडे पाठ आहे, तरीही त्यांचा हात थांबतो.

यंत्र लावल्याचं दाखवलंच नाही, तरी कळतं. याचं कारण आधीच्या बांधणीत आहे. वडील घरात असताना सगळा आवाज त्यांच्या कानांनी, म्हणजे दबलेला, ठेवला होता. घंटेचा सूर प्रेक्षकांनी कधी ऐकलेलाच नव्हता. दिवा आधी दोनदा येऊन गेला होता. पहिल्यांदा फक्त त्याचं काम कळावं म्हणून, तेही वडील चहाचा कप उचलत असताना, सहज. दुसऱ्यांदा भांडणानंतर: ते दिव्याकडे बघतात आणि उठत नाहीत. ही दुसरी वेळ सर्वांत मोलाची. वस्तू नुसती पुन्हा दाखवून भागत नाही, दर वेळी तिच्याशी माणसाचं वागणं बदललं पाहिजे. आणि पहिल्याच वेळी दिव्याचा लांबलचक क्लोजअप ठेवलात, तर प्रेक्षक तिथेच ओळखतात की हा शेवटी परत येणार.

मग कट कुठे, हा प्रश्न. तीन जागा होत्या: हात थांबतो तिथे, मान वळू लागते तिथे, किंवा ते उठून दाराकडे जातात तिथे. उठल्यावर कापलं की सगळा हिशोब मिटतो, प्रेक्षकाला करण्यासारखं काही उरत नाही. हात थांबताक्षणी कापलं तर तो दचकल्यासारखा वाटतो. आम्ही मान वळायला लागते तिथे कापलं, चेहऱ्यावरचा निर्णय पूर्ण व्हायच्या आत. असे पर्याय मिळायचे असतील तर चित्रीकरणात शेवटच्या शॉटला "कट" म्हणायची घाई करू नका. अभिनय संपल्यावरही पंधरा-वीस सेकंद कॅमेरा चालू ठेवा. त्या जागेचा रूम टोन, म्हणजे कुणी काही बोलत नसतानाचा तिथला आवाज, तोही वेगळा रेकॉर्ड करून घ्या, कारण पुढे तोच लागतो.

पडदा काळा झाल्यावर आम्ही घंटा दुसऱ्यांदा वाजवली, खोलीचा आवाज दोन-अडीच सेकंद तसाच ठेवला आणि मगच पहिलं नाव आणलं. फेड आउट केला नाही. हळूहळू अंधार आला की काळ सरल्यासारखं वाटतं, आणि इथे तर कुणीतरी दारात थांबलंय. संगीत नावांबरोबर सुरू केलं. घंटेखाली ते असतं, तर काय वाटून घ्यायचं हे आम्हीच सांगितलं असतं.

शेवट पोचतोय का हे तपासायला गोष्ट ठाऊक नसलेली चार-पाच माणसं बसवा. "आवडलं का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. "शेवटी काय झालं?" एवढंच विचारा. इथे एकाने विचारलं, "आता घंटा दुरुस्त केली का?" म्हणजे घंटा आधीपासून वाजत होती, हे त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. शेवटच्या शॉटला हात न लावता आम्ही दुसऱ्या मिनिटाला शेजारीण घंटेच्या आवाजाने वैतागून दार लावून घेते, असा छोटा शॉट टाकला. तो शॉट बाहेरच्या जिन्यातला होता, पण तिथेही घंटेचा सूर येऊ दिला नाही. फक्त तिचं कपाळावर आठ्या घालून वडिलांच्या दाराकडे बघणं ठेवलं. पुढच्या गटाकडून तो प्रश्न आला नाही.