‘जणू’ खोडलं, पण ‘ही’ राहिला: दोन चित्रं शेजारी ठेवताना

छोट्या कवितेत शब्दांतली दोन चित्रं शेजारी ठेवायची आणि मध्ये काही बोलायचं नाही, इतपत तुम्हाला ठाऊक असेलच. ‘जणू’, ‘जसं’, ‘वाटतं’ खोडायचे हेही माहीत असेल. नवखा लिहिणारा अडकतो तो त्यानंतर. मोठे शब्द गेलेले असतात, पण भाष्य बारीक शब्दांत लपून बसलेलं असतं आणि ते आपल्या डोळ्यांना दिसतच नाही.

हा मसुदा पाहा:

फ्लेमिंगो परत गेले,
खाडीत त्यांचे ठसे तेवढे उरले
गणवेशाच्या खिशावरही
बिल्ल्याची चौकट तशीच उरलेली

दोन्ही चित्रं चांगली आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर ऐरोलीच्या खाडीतले फ्लेमिंगो निघून जातात आणि ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो. दुसरीकडे, जुन्या गणवेशाचा बिल्ला उसवला की त्याच्याखालचं कापड गडद निघतं, कारण तेवढ्याच तुकड्याला ऊन लागलेलं नसतं. चौकटीच्या कडेला टाक्यांची भोकंही दिसतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी वरवर काही संबंध नाही, म्हणून त्या शेजारी ठेवण्याजोग्या आहेत.

पण कविता वाचकासाठी काही शिल्लक ठेवत नाही. ‘खिशावरही’मधला ‘ही’ म्हणजे लहान केलेला ‘जणू’च. ‘तशीच’ तेच काम पुन्हा करतो. ‘तेवढे’ हळहळ व्यक्त करतो, म्हणजे वाचकाने काय वाटून घ्यायचं ते आधीच सांगून टाकतो. सगळ्यात फसवा आहे ‘उरले–उरलेली’. तेच क्रियापद दोन्हीकडे आलं की दोरी बांधलीच म्हणून समजा. ती यमकासारखी गोड लागते आणि म्हणूनच सुटत नाही. मसुदा झाला की पेन्सिल घेऊन ‘ही’, ‘सुद्धा’, ‘च’, ‘मात्र’, ‘तरी’, ‘अन्’, ‘तेवढ्यात’ यांना गोल करा. मग दोन्ही भागांत आलेला एकच शब्द शोधा. शेवटी ‘एकटी’, ‘उदास’, ‘बिचारा’ अशी विशेषणं. जपानी हायकूत ‘या’, ‘काना’ असे तोडणारे शब्दच असतात. आपल्याकडे ते नाहीत, त्यामुळे एक कोरी ओळ आणि गाळलेलं क्रियापद यांवरच भागवावं लागतं.

आता हे पाहा:

गणवेशाच्या खिशावर गडद चौकट,
बिल्ला उसवलेल्या जागी

ओहोटी. ऐरोलीच्या चिखलात
फ्लेमिंगोच्या तीन बोटांचे ठसे

क्रम मुद्दाम उलटा केला आहे. आपला कान ओवीतल्या ‘जैसे–तैसे’वर वाढलेला. आधी निसर्ग आणि मग माणूस आला की आपण त्याला दृष्टांत समजून तात्पर्य शोधू लागतो. माणसाचं चित्र आधी आलं की शेवटचे ठसे कशाचं उदाहरण राहत नाहीत, ते नुसते ठसे राहतात. मग वाचकाला आपोआप आठवतं की भरती आली की ठसे पुसले जाणार, पण चौकट इतक्यात जाणार नाही. हा फरक कवितेत कुठेही लिहिलेला नाही आणि सगळं वजन त्याच्यावरच आहे.

उलट बाजूनेही चूक होते. ‘फ्लेमिंगो’ हा शब्द गाळून नुसते ‘ठसे’ लिहिले तर वाचक बगळा समजेल. बगळा तर बारा महिने इथेच असतो, मग निघून जाण्याचा धागाच तुटतो. जोडणी गाळा, वस्तूचं नाव गाळू नका. वहीतली कोणतीही दोन चित्रं उचलून चिकटवण्याचा शॉर्टकट याच कारणाने फसतो. दोन्हींत एक तरी जागा एकमेकींना लागायला हवी, आणि ती एकच हवी. फ्लेमिंगोशेजारी गुलाबी शालू ठेवलात तर रंग सांगून मोकळा होतो आणि वाचकाला काम उरत नाही.

कसं ओळखायचं? तिघांना वाचायला द्या. ‘कळलं का?’ असं विचारू नका. ‘दुसरं वाचल्यावर पहिल्यात काय बदललं?’ असं विचारा. तिघांनी झटकन एकच वाक्य सांगितलं, तर चित्रं फार जवळची आहेत. तिघेही गप्प बसले, तर फार लांबची. एकाला शाळा सुटलेली पोर दिसली, दुसऱ्याला बदलीची नोकरी आणि तिसऱ्याला गेलेलं माणूस, तर हात लावू नका.

‘शेवटी पंच हवा’ असं सांगणारे मार्गदर्शक ठाण्यात काय, वाशीत काय, प्रत्येक काव्यकट्ट्यावर भेटतील. या प्रकारापुरतं त्यांचं ऐकू नका. त्यांच्यामुळेच तीन ओळींतली तिसरी ओळ खुलाशाची होऊन बसते. म्हणून सुरुवातीला दोन-दोन ओळींच्या जोड्याच लिहा.

शेवटची समजावणारी ओळ कापताना जीव तुटतो. बहुतेक वेळा मसुद्यातली सगळ्यात देखणी ओळ तीच असते, आणि ती गेल्यावर कविता उघडी पडल्यासारखी वाटते. तसं वाटणं बरोबर आहे, घाबरू नका. कापलेली ओळ वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा आणि आठवडाभराने कविता तिच्याशिवाय वाचा. त्या ओळीतलं म्हणणं तरीही डोक्यात आलं, तर ती मागच्या पानावरच राहू द्या. नाही आलं, तर ओळ परत आणू नका, दोनपैकी एक चित्र बदला.