आठ मीटरची तार आणि 50 ओहमचा हट्ट

फोंड्याला घरामागच्या कुळागरात मला आठ मीटरच उंच तार उभी करता आली. त्याच्या वर माडाच्या झावळ्या. 40 मीटर बँडवर, 7.1 मेगाहर्ट्झला, उभ्या तारेला हवी असलेली पाव लहर दहा मीटरांच्या किंचित वर जाते, म्हणजे अँटेना तोकडीच. माझा हॅम रेडिओचा सेट 100 वॉटचा, पण बटण दाबलं की तो पॉवर आखडती घेई आणि एसडब्ल्यूआरचा, म्हणजे जुळणी किती बिघडली ते दाखवणारा, काटा उजवीकडे जाऊन चिकटे.

तारेच्या बुडाशी नॅनोव्हीएनए हे अँटेना मोजायचं छोटं यंत्र लावलं, तेव्हा कारण दिसलं. रेझिस्टन्स 25 ओहम आणि वर 150 ओहम कपॅसिटिव्ह रिअॅक्टन्स. सेटला हवे निव्वळ 50 ओहम. हिशेबाने अशा जोडीत सुमारे 82 टक्के पॉवर परत फिरते. ती परतलेली पॉवर आउटपुटच्या ट्रान्झिस्टरना झेपणार नाही, म्हणून सेट आधीच हात आखडतो.

शेजारच्या काकांनी उभं आयुष्य बोटीवर रेडिओ ऑफिसर म्हणून काढलं. ते म्हणाले, "अरे बाबा, तार लांब करायची नाही. बुडाशी एक कॉइल आणि एक कपॅसिटर घाल, पुरे."

150 ओहम कपॅसिटिव्ह आहेत, ते तेवढ्याच इंडक्टिव्ह रिअॅक्टन्सने मिटतील, हे मला लगेच कळलं. पण 25 चे 50 कसे होणार? रेझिस्टर तर कुठे नाही! नव्या माणसाचं घोडं इथेच अडतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

कॉइल 150 ऐवजी 175 ओहमची ठेवली, तर 150 मिटून 25 ओहम इंडक्टिव्ह उरतात. आता 25 ओहम रेझिस्टन्स आणि 25 ओहम रिअॅक्टन्स एकापाठोपाठ आहेत. ह्याच जोडीकडे बाहेरून बघितलं, तर ती 50 ओहम रेझिस्टन्स आणि 50 ओहम इंडक्टिव्ह रिअॅक्टन्स शेजारी-शेजारी, म्हणजे पॅरलल, जोडल्यासारखी वागते. कागदावर करून बघा, j लावलेला आकडा रिअॅक्टन्सकडचा:

```
1/(25 + j25) = 0.02 − j0.02
1/0.02 = 50
```

मग शेजारी, सेटच्या बाजूने जमिनीकडे, 50 ओहमचा कपॅसिटर लावला की तो इंडक्टिव्ह भाग रद्द होतो आणि सेटला फक्त 50 ओहम दिसतात. अँटेना आहे तशीच आहे, पण सेट आता तिला पुरे 100 वॉट देतो. तिच्या 25 ओहममधून 2 अँपिअर वाहतात.

7.1 मेगाहर्ट्झला 175 ओहम म्हणजे 3.9 मायक्रोहेन्री, आणि कपॅसिटरचे 50 ओहम म्हणजे सुमारे 450 पिकोफॅरॅड. 50 मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपवर जाड तांब्याच्या तारेचे दहा वेढे, चार सेंटिमीटर लांबीत पसरून घेतले. वेढे थोडे दाबले किंवा सैल केले की बारीक जुळणी होते.

पहिल्यांदा मी कपॅसिटर अँटेनाच्या बाजूला जोडला होता. दिवसभर वेढे हलवले, काटा खाली येईना. जमिनीला जाणारा कपॅसिटर नेहमी जास्त रेझिस्टन्सच्या बाजूला, आमच्या बाबतीत सेटच्या बाजूला. काहीही हलवलं तरी काटा तळाला येत नसेल, तर आधी हे तपासा.

दुसरी चूक घरात पडलेला स्वस्त सिरॅमिक कपॅसिटर वापरण्याची. बटण दाबताच एसडब्ल्यूआर 1.1, पण वीस सेकंदांत दोनच्या वर. बोट लावलं तर चटका! त्यातून 1.4 अँपिअर जातात, तो तापला की किंमत सरकते. सिल्व्हर मायकाचे चार कपॅसिटर पॅरलल जोडले, मग काटा जागेवर राहिला. कॉइलही तपासावी. तिचा क्यू, म्हणजे तिच्या रिअॅक्टन्सला तिच्याच रेझिस्टन्सने भागून येणारा आकडा, 200 असेल तर साडेतीन वॉटच्या आसपास उष्णतेत जातात, पण तो 50 वर आला तर 12 टक्के.

हे सगळं सेटजवळ टेबलावर बसवलं तरी काटा खाली येतोच, आणि तीच फसगत. मधल्या वीस मीटर पातळ कोॲक्सवर एसडब्ल्यूआर 20 च राहतो आणि निम्म्याहून जास्त पॉवर केबलच खाते. म्हणून डबा तारेच्या बुडाशीच.

बँडच्या दोन्ही टोकांना एसडब्ल्यूआर दीडच्या आसपास जातो, तो मी चालवून घेतो. पाऊस मात्र हिशेब बदलतो. आमची जमीन जांभ्याची. मे महिन्यात कोरडी असताना रेझिस्टन्स 29 ओहम दिसला होता, जुलैत भिजल्यावर तो 25 झाला. म्हणून मोजमाप मी पावसात केलं आणि कॉइलला एक जास्तीचा टॅप काढून ठेवला. शिमगा संपला की क्लिप त्यावर सरकवतो.