पायलिंगचं कंपन आणि धूळ: रहिवाशांच्या तक्रारीला उत्तर देताना या चुका टाळा

"आपल्या तक्रारीच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, कंपनाच्या सर्व नोंदी विहित मर्यादेत आहेत." पायलिंगच्या साइटवरून जाणाऱ्या उत्तरांत हे वाक्य हमखास असतं. ते बहुधा खरंही असतं, आणि तरीही आठवड्याभरात दुसरी तक्रार महापालिकेच्या झोन कार्यालयात पोचते. कारण रहिवाशाने विचारलेलं एक असतं आणि उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं जातं.

दोन मर्यादांची गल्लत

कंपन मोजतात ते जमिनीच्या कणांच्या कमाल वेगात, म्हणजे पीपीव्हीमध्ये, मिलिमीटर प्रति सेकंद या एककात. आपल्याकडे साइटवर बहुधा जर्मन मानक डीआयएन ४१५०-३ वापरतात. साध्या निवासी इमारतीच्या पायथ्याशी, १० हर्ट्झपेक्षा कमी वारंवारतेच्या अल्पकाळ कंपनासाठी त्याचं मार्गदर्शक मूल्य ५ मिमी आहे. वारंवारता वाढली की ते मूल्यही वाढतं. पण हा आकडा इमारतीच्या नुकसानीबद्दल बोलतो. माणसाला काय जाणवतं हे ब्रिटिश मानक बीएस ५२२८-२ सांगतं: घरात ०.३ मिमीला कंपन जेमतेम जाणवू लागतं आणि १.० मिमीला तक्रार येण्याची शक्यता असते. पूर्वसूचना आणि कारण दिलेलं असेल, तर तेवढं कंपन लोक सहन करतात, असंही तिथे नोंदवलेलं आहे.

म्हणजे १ ते ५ मिमी हा पट्टा असा आहे की घराला धोका नाही आणि घरातल्या माणसाला मात्र भांडी वाजलेली स्पष्ट ऐकू येतात. तुमचं उत्तर बहुतेक वेळा याच पट्ट्यात द्यायचं असतं. तिथे नुसतं "मर्यादेत" लिहिलं की समोरच्याला "तुम्हाला भास होतोय" असं ऐकू येतं.

उदाहरण घेऊन पाहू

समजा, पश्चिम नागपुरात उड्डाणपुलाच्या पायल्या चालू आहेत. वर काळी माती, मग मुरूम, खाली बेसाल्ट. पायलीपासून १२ मीटरवर दुमजली घर. मापकाच्या नोंदी अशा: मातीत रोटरी रिगने खोदताना ०.४ मिमी, बकेटला चिकटलेली काळी माती सोडवण्यासाठी ऑपरेटर बकेट झटकतो तेव्हा ०.९, खडक लागल्यावर चिझल २ मीटरवरून सोडतात तेव्हा ३.२ मिमी, १८ हर्ट्झला. या वारंवारतेला डीआयएनचं मूल्य सुमारे ७ मिमी येतं. घर सुरक्षित आहे, पण तक्रार शंभर टक्के रास्त आहे.

उत्तरातला परिच्छेद मग असा लिहावा:

"दि. … रोजी सकाळी ११ ते १२.३० या वेळेत आपल्या घराच्या प्लिंथवर कमाल ३.२ मिमी प्रति सेकंद कंपन नोंदले गेले. हे कंपन घरात स्पष्ट जाणवते. आपली तक्रार त्या वेळेशी जुळते. त्या वेळी पायली क्र. … मध्ये खडक फोडण्यासाठी चिझल वापरले जात होते. अशा इमारतीच्या सुरक्षिततेसाठी या वारंवारतेला मार्गदर्शक मूल्य सुमारे ७ मिमी आहे. नोंदींची प्रत सोबत जोडली आहे."

यात तक्रार मान्य केली आहे, नुकसानीची कबुली दिलेली नाही. हा फरक न समजल्यामुळेच कायदेशीर विभाग असे परिच्छेद खोडून टाकतो आणि पत्र पुन्हा पहिल्या वाक्यावर येतं.

मोजणीतल्या चुका पत्रात उघड्या पडतात

मापक साइटच्या गेटवर ठेवून त्याचे आकडे तक्रारदाराच्या घराला लावू नका. तो त्याच्याच प्लिंथवर, रिगच्या बाजूला, बोल्टने किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसने पक्का बसवा. सुट्या फरशीवर किंवा पेव्हर ब्लॉकवर ठेवलेला मापक स्वतःच थडथडतो आणि त्या आकड्याला अर्थ राहत नाही.

दुसरी चूक जास्त छुपी आहे. मापक ठरावीक पातळीच्या वरच नोंद करतो अशा पद्धतीवर असेल आणि ती पातळी २ मिमी ठेवली असेल, तर १.५ मिमीचं कंपन कागदावर येतच नाही. मग "त्या दिवशी कंपन नव्हते" असं पत्र जातं आणि रहिवासी मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवतो. दर मिनिटाची कमाल नोंद साठवणारी पद्धत निवडा. सरासरी तर कधीच देऊ नका. दिवसभराच्या सरासरीत चिझलचे घाव बुडून जातात. रिगच्या लॉगमध्ये कोणतं काम किती वाजता झालं हे लिहिलं नसेल, तर चांगल्या नोंदीलाही कारण जोडता येत नाही.

उपाय अर्धा, आश्वासन पूर्ण

"चिझलची उंची निम्मी केली, त्यामुळे कंपन निम्मे होईल" असं लिहिणं महागात पडतं. कंपन घावाच्या ऊर्जेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं. २ मीटरची उंची १ मीटर केली की ३.२ चं सुमारे २.३ होतं, म्हणजे तरीही जाणवणारच, शिवाय घावांची संख्या वाढते. खरा फरक पडतो तो चिझल बाजूला ठेवून रॉक ऑगर किंवा कोअर बॅरलने खडक कापल्यावर. ते शक्य नसेल तर घराजवळच्या पायल्यांपुरती चिझलची वेळ ठरवून द्या, आदल्या दिवशी सोसायटीच्या सचिवांना कळवा आणि पत्रात पायल्यांचे क्रमांक लिहा. बकेट झटकण्याचा प्रश्न सोपा आहे: माती खरवडून काढायला माणूस द्या आणि झटकणं बंद करा.

तडे

"तडे काळ्या मातीमुळे आहेत" हे वाक्य कामापूर्वीच्या पाहणीचे फोटो हाताशी असल्याशिवाय लिहू नका. काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसात फुगते, त्यामुळे नागपुरात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरके तडे जातात हे खरं. पण पुरावा नसताना ती पळवाट वाटते. पाहणी झाली नसेल तर रहिवाशासोबत आताच संयुक्त पाहणी करा, तड्यावर टेलटेल बसवा आणि चिझल चालू असलेल्या व बंद असलेल्या दिवसांची रुंदी वेगळी मांडा. काम बंद असतानाही तडा त्याच चालीने रुंदावत असेल, तर कारण दुसरीकडे शोधावं लागेल. रिग अजून पोचायची आहे ती घरं मात्र लगेच पाहून घ्या.

धुळीला पीएम १० चं उत्तर

रहिवाशाची तक्रार असते वाळत घातलेल्या कपड्यांवरच्या आणि गाडीच्या सीटवरच्या थराची. तो थर मुख्यतः जाड कणांचा असतो आणि पीएम १० च्या मोजणीत ते येत नाहीत. त्यामुळे २४ तासांची नोंद १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर या राष्ट्रीय मानकाखाली आली तरी कपडे मळतातच. पीएम १० द्याच, पण वाऱ्याच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही बाजूंचं द्या, म्हणजे साइटने किती भर घातली ते दिसेल. सोबत गच्चीवर धूळपात मोजण्याचं भांडं ठेवा.

स्रोतही नेमका लिहा. ओल्या बोअरमधून धूळ फारशी उडत नाही. ती उडते टिपरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेल्या, उन्हात वाळलेल्या चिखलातून आणि सांडून सुकलेल्या बेंटोनाइटमधून. "नियमित पाणी मारले जाईल" याला मे महिन्यातल्या नागपुरात अर्थ नाही. दुपारी मारलेलं पाणी बघता बघता उडून जातं. गेटवर चाकं धुण्याची सोय, ताडपत्री बांधलेला टिपर, रस्ता ओला करून मग झाडणं आणि बेंटोनाइट सांडलं की ओलं असतानाच उचलणं, हे लिहा. प्रत्येकापुढे वेळ आणि जबाबदार माणसाचं पद द्या. २०१८ च्या केंद्रीय नियमांनुसार धुळीचे उपाय साइटवर लोकांना दिसतील असे लावावे लागतात; पत्रातला तक्ता आणि गेटवरचा फलक शब्दशः एकच ठेवा, कारण रहिवासी दोन्ही ताडून पाहतात.