हत्ती सातव्या रांगेत गेला, तरी डाव हरलात? या चुका टाळा

आमच्याकडे वेंगुर्ल्याला गणपतीत मुलं जमली की पडवीत बुद्धिबळाचा एक तरी पट लागतोच, बाहेर पाऊस धो धो, आत दोघं खेळतायत आणि दहा जण डोकावतायत. या वर्षी आठवीतल्या आमच्या भाच्याने मस्त हत्ती आत घुसवला आणि चार चालींत मात खाल्ली. त्याला वाटलं नशीब वाईट. नशीबबिशीब काही नाही, ही चूक मी शंभरदा बघितलीय.

आधी डाव सांगतो, पट असेल तर लावून घ्या. त्याच्याकडे पांढरी. राजा g1, हत्ती d7, प्यादी a2, b2, f2, g2, h2. काळ्याचा राजा g8, हत्ती a8, प्यादी a7, b7, f7, g7, h7. बघा, पांढऱ्याची पोझिशन किती छान आहे, हत्ती थेट b7 वर नेम धरून बसलाय. भाच्याने b7 खाल्लं. काळ्याने शांतपणे हत्ती d8 ला आणला, आता a7 मोकळं पडलं, भाच्याने तेही खाल्लं. खाली चालींत R म्हणजे हत्ती, K राजा, x म्हणजे खाल्लं, + शह, # मात आणि ?? म्हणजे घोडचूक.

```
1. Rxb7 Rd8
2. Rxa7?? Rd1#
```

राजासमोर f2, g2, h2 ही स्वतःचीच तीन प्यादी भिंत करून उभी, पळायला घर नाही, आणि हत्ती तिकडे a7 वर जेवत बसलाय, परत यायला वेळ नाही. बाजूला बसलेले आबा म्हणाले, "अरे मेल्या, हत्ती थंय गेलो, पण तुझो राजा खंय आसा ता बघितलंस?" बास, पहिली चूक हीच. आपला हत्ती पुढे गेला की आपली पहिली रांग उघडी पडते. 2. Rxa7 च्या जागी नुसतं h3 केलं असतं तर राजाला h2 ला घर मिळालं असतं, एक प्यादं जास्त होतंच, डाव आरामात चालला असता. खरं तर h3 आधीच करून ठेवायला हवं होतं, हत्ती d7 वर बसलेला असताना काळ्याला घाई करायला तसं काही नव्हतंच.

आता हे सातव्या रांगेचं प्रकरण नेमकं काय ते समजून घेऊ, कारण बऱ्याच जणांना वाटतं की तिथे प्यादी फुकट मिळतात म्हणून हत्ती न्यायचा. प्यादी मिळतात हे खरं, समोरच्याची न हललेली प्यादी तिथेच उभी असतात, आणि प्यादं मागे किंवा बाजूला बघतच नाही त्यामुळे ती एकमेकांना राखू शकत नाहीत, मग त्यांना राखायला समोरच्याचे मोठे मोहरे बांधले जातात. (काळ्याने खेळत असाल तर तुमची सातवी म्हणजे पांढऱ्याच्या बाजूने दुसरी रांग, हे नवीन मुलं विसरतात.) पण मला विचाराल तर प्याद्यांपेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे, समोरचा राजा आठव्या रांगेत कोंडला जातो. खाजणाचा बांध कसा खारं पाणी अडवून धरतो तसा तो हत्ती राजाला अडवून धरतो, आणि एंडगेममध्ये राजा बाहेर आला नाही म्हणजे समोरचा एक मोहरा कमी घेऊन खेळतोय असंच समजा.

म्हणूनच दुसरी चूक म्हणजे हत्ती तिथे एकटा सोडणं. एकटा हत्ती राजाला कोंडतो, पण मात करायला दुसरं कोणीतरी लागतं. दुसरा हत्ती आला तर उत्तम. काळ्याचा राजा g8 आणि त्याचाच हत्ती f8 वर असेल, आणि आपले दोन हत्ती सातव्या रांगेत असतील तर g7 ला शह, राजा h8, मग h7 ला शह, राजा g8, आणि दुसरा हत्ती g7 वर आला की मात. पण f8 मोकळं असेल तर राजा तिकडून सटकतो, म्हणून शह द्यायच्या आधी ते घर बघा.

दुसरा हत्ती उरलाच नसेल तर? तर स्वतःचा राजा चालवायचा. यासाठी मी प्रत्येकाला एकच डाव दाखवतो, 1924 ची न्यूयॉर्क स्पर्धा, तेव्हाचा जगज्जेता कापाब्लांका विरुद्ध टार्टाकोवर. कापाब्लांकाने h चं प्यादं पुढे रेटून एक्सचेंज केलं, h ची फाइल उघडली, हत्ती h1 ला आणला आणि तिथून h7 ला घुसवला. मग काळ्याचा f5 वर आलेला घोडा उंट देऊन काढला. आता पांढऱ्याचा राजा f3, हत्ती h7, प्यादी a4, c3, d4, f4, g5. काळ्याचा राजा f8, हत्ती c6, प्यादी a7, b6, c7, d5, f5. पाच पाच प्यादी, हिशोब बरोबरीचा, आणि काळा c3 खाणार हे दिसतंय. आपण बहुतेक जण इथे c3 राखायला हत्ती मागे आणू, आणि तीच तिसरी चूक, एका प्याद्यासाठी बांध मोडायचा. कापाब्लांकाने काय केलं बघा.

```
35. Kg3  Rxc3+
36. Kh4  Rf3
37. g6   Rxf4+
38. Kg5  Re4
39. Kf6  Kg8
40. Rg7+ Kh8
41. Rxc7 Re8
```

दोन प्यादी शहासकट देऊन टाकली, हत्ती h7 वरून हललासुद्धा नाही. 39 व्या चालीत f5 चं प्यादं खाता येत होतं, तेही त्याने खाल्लं नाही, कारण ते काळ्याचं प्यादं तिथे उभं असेपर्यंत f6 वरच्या पांढऱ्या राजाला मागून शहच लागत नाही, विरोधी प्याद्याचाच आडोसा. मला ही चाल अजूनही बघितली की भारी वाटते. आता राजा f6, प्यादं g6, आणि Rh8 मात ही धमकी, म्हणून काळ्याने Kg8 केलं. आणि 41 व्या चालीला c7 खाऊन परत c8 वर मातीची धमकी, मग काळ्याचा हत्ती e8 वर जाऊन बसला, म्हणजे आता तो राखणदार झाला. त्यानंतरच पांढऱ्याने f5 खाल्लं, पुढे a7 खाल्लं, d5 खाल्लं, आणि 52 व्या चालीनंतर काळ्याने डाव सोडला.

राहिला प्रश्न तिथे पोचायचं कसं. इथली चूक बहुतेकांची सारखीच असते, फाइल उघडली की लगेच हत्ती त्या फाइलवर ठेवतात आणि मग ताटकळत बसतात, कारण आत शिरायचं घर समोरच्याने राखलेलं असतं. समजा d ची फाइल उघडलीय आणि काळ्याचा घोडा f6 वर आहे, तर d7 त्याच्या ताब्यात आहे, हत्ती गेला की मेला. g5 वर उंट असेल तर आधी f6 चा घोडा खा, मग d7 उघडं. काळ्याचा हत्ती d8 वर येऊन उभा असेल तर मागे दुसरा हत्ती लावून जोडी करा, नाहीतर हत्तीला हत्ती जाऊन फाइल नुसतीच रिकामी राहते आणि हातात काही उरत नाही. फाइल उघडलेलीच नसेल तर h चं किंवा c चं प्यादं पुढे नेऊन समोरच्या प्याद्याशी एक्सचेंज करा, कापाब्लांकाने तेच केलं.

आणि आत शिरायच्या आधी समोरचा राजा बघा. तो आठव्या रांगेत नसेल, e6 किंवा f6 ला येऊन बसला असेल, तर सातव्या रांगेतला हत्ती कोणाला कोंडत नाही, एखादं प्यादं खाईल तेवढंच, आणि तोपर्यंत तो राजा तुमच्या प्याद्यांवर चालून येतो. अशा वेळी मी हत्ती आत न नेता राजाला आडवं कापणारी रांग शोधतो, पाचवी मिळाली तर पाचवी.

भाच्याने विसर्जनाच्या आदल्या रात्री तोच डाव परत लावायला लावला. या वेळी पहिली चाल h3.